काठावरचा कावळा, गोफणवाला आणि रिकामी जहाजं: बायोचा कशिदापट कसा वाचायचा

दुकानात साडी उलगडली की नजर आधी काठावर जाते आणि मग अंगावर. फ्रान्समधल्या बायो गावच्या कशिदापटाच्या बाबतीत मात्र उलटं होतं. साडेनऊशे वर्षांपूर्वीचा हा पट बघताना सगळे मधल्या पट्ट्यातले घोडे, राजे आणि लढाई बघतात. वरखालचे काठ 'नक्षी' म्हणून मागे राहतात. मला स्वतःला या पटाची गोडी लागली ती काठांमुळेच, म्हणून आज काठापासूनच सांगते.

पण आधी मूळ वस्तूची ओळख. हा तागाच्या कापडाचा पट आहे, रुंदीला हातभर, म्हणजे सुमारे 50 सेंटिमीटर, आणि लांबीला 68 मीटरांहून थोडा जास्त. नऊ तुकडे जोडून तो केला आहे आणि त्यावर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भरतकाम आहे. जगभर त्याला 'टॅपेस्ट्री' म्हणतात, पण ते नाव चुकीचं आहे. टॅपेस्ट्रीत चित्र विणतानाच तयार होतं. पैठणीच्या पदरावरचा मोर जसा मागावरच, रंगीत बाण्याने घडत जातो, तसं. बायोचा पट विणून झालेल्या कापडावर सुईने भरलेला आहे, म्हणजे तो कशिदा आहे.

हा फरक शब्दापुरता नाही. पट पुरावा म्हणून वाचताना तो उपयोगी पडतो. विणलेल्या चित्रातला धागा काढला तर कापडच उसवतं. कशिद्यातला धागा गळून गेला तरी कापड राहतं, आणि त्यात सुईची भोकं राहतात. ही भोकं पुढे आपल्याला लागणार आहेत.

भरायची रीतही साधी आणि हुशारीची आहे. आकृतीची कड आणि अक्षरं स्टेम स्टिचने काढली आहेत. आतली जागा भरताना धागे एकमेकांना लागून पसरले आहेत, त्यांवर आडवे धागे थोड्या थोड्या अंतराने टाकले आहेत आणि ते बारीक टाक्यांनी जागोजाग बांधून टाकले आहेत. लोकर जवळजवळ सगळी पुढच्या बाजूलाच राहते, मागे वाया जात नाही. रंग तीनच वनस्पतींचे: मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडरच्या मुळांचा तांबडा, वेल्ड नावाच्या झुडपाचा पिवळा आणि वोडच्या पानांचा निळा. वोडमधलं निळं द्रव्य तेच, जे आपल्या निळीत असतं. एवढ्यातूनच सगळ्या छटा काढल्या आहेत. घोडा निळा आणि त्याचे पलीकडचे पाय पिवळे, असं सर्रास दिसतं.

गोष्ट 1066 सालची आहे. इंग्लंडचा म्हातारा राजा एडवर्ड याला मूलबाळ नव्हतं. त्याचा मेहुणा हॅरल्ड समुद्र ओलांडून जातो, नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमच्या हाती सापडतो आणि पवित्र अवशेषांवर हात ठेवून त्याच्यापुढे शपथ घेतो. 5 जानेवारी 1066 ला एडवर्ड मरतो आणि दुसऱ्याच दिवशी हॅरल्ड स्वतः गादीवर बसतो. विल्यम आरमार घेऊन येतो, 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ लढाई होते आणि हॅरल्ड मारला जातो. पटाचा शेवटचा भाग हरवलेला आहे, त्यामुळे विल्यमचा राज्याभिषेक त्यात असला तरी आज आपल्याला दिसत नाही.

पट कोणी करवून घेतला हे कुठे लिहिलेलं नाही. तरी बहुतेक अभ्यासक विल्यमच्या सावत्र भावाचं, बायोचा बिशप ओडो याचं नाव घेतात. ओडो पटात पुन्हापुन्हा दिसतो. जेवणाला आशीर्वाद देणारा तोच, ऐन लढाईत सोटा उगारून तरुण शिपायांना धीर देणाराही तोच. शिवाय टुरोल्ड, वडार्ड आणि व्हितल अशा तीन किरकोळ माणसांची नावं पटावर भरली आहेत, आणि त्या नावांची माणसं ओडोच्या पदरी होती. काम मात्र इंग्लंडमध्ये, बहुधा कँटरबरीकडे, 1070 च्या दशकात झालं असावं, कारण काही नावांची अक्षरं इंग्रजी वळणाची आहेत आणि अनेक चित्रं कँटरबरीच्या हस्तलिखितांतल्या चित्रांशी जुळतात. म्हणजे पैसा जिंकणाऱ्याचा आणि सुई बहुधा हरलेल्यांच्या हातात. काठांवरचा सगळा वाद यातूनच निघतो.

आता काठ. वर एक आणि खाली एक, प्रत्येकी साधारण चार बोटं रुंद. बऱ्याच ठिकाणी तिरप्या पट्ट्यांच्या मध्ये जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या जोड्या आहेत: सिंह, मोर, पंख असलेले विचित्र प्राणी, समोरासमोर किंवा पाठमोरे. या जोड्यांतल्या बहुतेकांचा वरच्या गोष्टीशी काही संबंध नाही, आणि हे आधीच मान्य केलेलं बरं. ज्याला प्रत्येक मोरात गुप्त संदेश दिसतो, त्याचं वाचन लवकरच भरकटतं.

पण मधूनच ही जोड्यांची माळ तुटते आणि काठावर वेगळंच काही सुरू होतं. वाचायचं ते तिथे.

हॅरल्ड बॉझम गावी जेवून जहाजात चढतो आणि शिडं फुगवून निघतो. नेमक्या त्या जहाजांखालच्या काठावर जोड्या थांबतात आणि ओळीने इसापाच्या गोष्टी येतात. पहिली आपल्या ओळखीची. झाडावर कावळा, खाली तोंड उघडून बसलेला कोल्हा आणि दोघांच्या मध्ये, हवेतच, पडणारा चीजचा गोळा. पुढे ओढ्यावरचे लांडगा आणि कोकरू. मग एक कुत्री: पिल्लं होईपर्यंत जागा दे म्हणून ती दुसरीच्या घरात शिरते आणि पिल्लं मोठी झाल्यावर निघायला नकार देते. मग लांडग्याच्या घशातलं हाड काढणारा करकोचा. या गोष्टी त्या काळी लॅटिन संग्रहांतून मठांमध्ये शिकवल्या जात, त्यामुळे बघणाऱ्यांपैकी अनेकांना त्या चित्रावरून लगेच ओळखू येत असणार.

प्रश्न असा की त्या इथेच का? इथे मधल्या पट्ट्याची एक गंमत लक्षात घ्यायला हवी. हॅरल्ड समुद्रापार का गेला, हे पट सांगतच नाही. लॅटिन ओळ म्हणते की तो वाऱ्याने भरलेल्या शिडांसह गी नावाच्या सरदाराच्या मुलखात आला. कारणाबद्दल अवाक्षर नाही. नॉर्मन बखरकार सांगतात की एडवर्डनेच त्याला पाठवलं होतं, गादी विल्यमला देण्याचं वचन पक्कं करायला. कँटरबरीचा भिक्षू एडमर पुढे लिहितो की हॅरल्ड आपल्या नात्यातले ओलीस सोडवायला गेला आणि तिथे अडकला. एक जण म्हणतो दिलेला शब्द मोडला, दुसरा म्हणतो शब्द जबरदस्तीने घेतला. मधला पट्टा इथे तोंड मिटून बसतो, आणि बरोबर त्याच्याखाली तोंड उघडल्यामुळे घास गमावणारा कावळा दिसतो.

आता हा कावळा कोण? हॅरल्ड म्हणावं, तर त्याने शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि राज्य घालवलं. कोल्हा हॅरल्ड म्हणावं, तर दुसऱ्याच्या हक्काचा घास त्याने लबाडीने पळवला. कुत्रीचंही तसंच. नॉर्मन माणसाला ती विल्यमच्या गादीवर ठाण मांडून बसलेला हॅरल्ड वाटेल आणि इंग्रज माणसाला आपल्या देशात घुसून बसलेले नॉर्मन. काही अभ्यासकांनी यावरून मोठी मांडणी केली आहे की भरणाऱ्या इंग्रज हातांनी मालकाच्या नाकाखाली आपली बाजू काठावर टाकली. मांडणी मोहात पाडणारी आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. एकच चित्र दोन्ही बाजूंनी इतकं सहज लागत असेल, तर ते एका बाजूचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यावरून एवढंच खात्रीने म्हणता येतं की या प्रवासात लबाडी, हाव आणि उपकार विसरणं आहे, असं पट आखणाऱ्याला सुचवायचं होतं. दोषी कोण ते बघणाऱ्यावर सोडलं आहे, कदाचित मुद्दामच. कोल्हा आणि कावळा पटात एकूण तीनदा येतात, आणि दर वेळी चित्र थोडं वेगळं आहे. एवढी पुनरावृत्ती नुसती जागा भरण्यासाठी झाली असेल असं वाटत नाही.

दुसरा नमुना शेतीचा. गीच्या ताब्यातल्या हॅरल्डसाठी विल्यमचे जासूद येतात, त्या भागात खालच्या काठावर एक माणूस नांगर धरून आहे, एक पेरतोय, एकाचं घोड्याने ओढलेलं दंताळं चाललंय आणि त्यापुढे एक जण गोफण फिरवून पाखरं हाकलतोय. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेला माणूस ज्याने पाहिलाय, त्याला हे चित्र बघताक्षणी खरं वाटेल. शेतीच्या इतिहासकारांनाही ते मोलाचं वाटतं, कारण घोड्याने दंताळं ओढल्याच्या सगळ्यात जुन्या चित्रांत त्याची गणना होते.

पण जरा थांबायला हवं. कँटरबरीत त्याआधी काही दशकं बायबलच्या पहिल्या सहा पुस्तकांचं जुन्या इंग्रजीतलं एक सचित्र हस्तलिखित तयार झालं होतं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात अब्राहम बळीच्या मांसावर उतरलेली पाखरं हाकलतो असा प्रसंग आहे, आणि काठावरचा आपला गोफणवाला त्या अब्राहमशी जुळतो. म्हणजे आखणाऱ्याने हा माणूस शेतात नाही, पुस्तकात पाहिला असण्याची दाट शक्यता आहे. नांगरणी-पेरणीची चित्रंही त्या काळच्या सचित्र पंचांगांत महिन्यांच्या क्रमाने असत.

मग हा पुरावा बाद का? बाद नाही, पण कशाचा पुरावा ते बदलतं. 1070 च्या दशकात इंग्लंडमध्ये अमुक शेतात गोफण फिरत होती, असं यावरून म्हणता येत नाही. आखणाऱ्याला कँटरबरीच्या ग्रंथालयातली पुस्तकं माहीत होती, असं मात्र म्हणता येतं. काम कुठे झालं या प्रश्नाचं उत्तर द्यायला गोफणवाला असा मदतीला येतो. काठावरच्या प्रत्येक चित्राला म्हणूनच आधी विचारायचं की हे डोळ्यांनी बघून काढलंय की दुसऱ्या चित्रावरून उतरवलंय. घोड्याच्या दंताळ्याची जुळणारी आधीची चित्रं सहज सापडत नाहीत, म्हणून त्याचं वजन गोफणीपेक्षा जास्त.

मला सगळ्यात आवडतो तो तिसरा नमुना. इथे काठ वेगळी गोष्ट सांगत नाही, मधल्या गोष्टीतच सामील होतो. हॅरल्ड राज्याभिषेक होऊन सिंहासनावर बसलाय. लगेच शेजारी माणसांचा एक घोळका माना वर करून बोटं दाखवतोय. वर अक्षरं आहेत, 'ईस्ती मिरांत स्तेल्ला', म्हणजे 'हे लोक ताऱ्याकडे आश्चर्याने बघताहेत'. वरच्या काठात ज्वाळांची शेपटी असलेला तारा आहे. हा हॅलेचा धूमकेतू. पुढच्या चित्रात हॅरल्ड वाकून कुणाचं तरी बोलणं ऐकतोय, आणि त्याच्या पायाखालच्या काठात जहाजं आहेत. त्यांत माणूस नाही, शीड नाही, नुसत्या रेषा.

आता तारखा लावून बघू. राज्याभिषेक 6 जानेवारीचा. धूमकेतू इंग्लंडमध्ये दिसला तो एप्रिलच्या शेवटी. विल्यमची जहाजं इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली सप्टेंबरच्या शेवटी. पटात हे तिन्ही हातभर कापडाच्या उंचीत एकाच ठिकाणी आले आहेत: मध्ये जानेवारी, वर एप्रिल आणि खाली सप्टेंबर. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याला इथे वाटेल की पटात काळाचा घोळ झालाय. वरून खाली वाचलं की कळतं, राजाच्या डोक्यावर काय होतं आणि पायाखाली काय वाढून ठेवलं होतं. जहाजं अजून आलेलीच नाहीत, म्हणून ती रिकामी. ती हॅरल्डच्या मनातली भीती म्हणायची की पुढचं भविष्य, यावर चर्चा चालू आहे. मला ती दोन्ही वाटतात.

यातून पुराव्याबद्दल एक गोष्ट कळते. पटाचा क्रम म्हणजे दिनदर्शिका नव्हे. एडवर्डच्या बाबतीतही पट हेच करतो. आधी त्याची अंत्ययात्रा दिसते आणि तिच्या पुढे त्याचा मृत्यू. आखणाऱ्याला अर्थ लावायचा होता, आणि त्यासाठी काळ हलवायला त्याला संकोच वाटला नाही.

काठावर काही न उलगडलेलंही आहे. विल्यमच्या वाड्यातल्या प्रसंगानंतर एका दारात एल्फगिव्हा नावाची स्त्री उभी आहे आणि एक पाद्री हात लांबवून तिच्या चेहऱ्याला स्पर्श करतोय. ओळ आहे, 'जिथे एक पाद्री आणि एल्फगिव्हा', आणि तिथेच ती संपते. क्रियापदच नाही. खालच्या काठावर एक नागडा पुरुष उकिडवा बसून त्या पाद्र्यासारखाच हात पुढे करतोय. काहीतरी लफडं होतं आणि ते तेव्हाच्या लोकांना इतकं माहीत होतं की वाक्य पूर्ण करायची गरज पडली नाही, एवढं काठ सांगतो. ही एल्फगिव्हा कोण, याची अनेक उत्तरं सुचवली गेली आहेत आणि एकही टिकलेलं नाही. तेव्हा हे नाव अनेकींचं असे.

या नागड्या आकृत्यांचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. 1886 मध्ये इंग्लंडमधल्या लीक गावच्या पस्तीसेक बायकांनी एलिझाबेथ वार्डलच्या पुढाकाराने अख्खा पट पुन्हा भरला. तो आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. लोकर रंगवणारा तिचा नवरा थॉमस वार्डल हिंदुस्थानातल्या टसर रेशमाच्या रंगाईवर काम केलेला माणूस. पण ज्या छायाचित्रांवरून त्यांनी आकृत्या उतरवल्या, त्यांत काठावरच्या नागड्यांना आधीच चड्ड्या घातलेल्या होत्या. त्या नकलेवरून मूळ पट वाचणारा माणूस तेवढ्या भागात नक्की चुकला असता.

मूळ पटही जसाच्या तसा राहिलेला नाही. त्याचा पहिला निश्चित उल्लेख 1476 चा, बायोच्या कॅथीड्रलच्या सामानयादीतला. फ्रेंच राज्यक्रांतीत, 1792 मध्ये, तो लष्करी गाड्यांवर झाकण म्हणून जायच्या बेतात होता. एका स्थानिक वकिलाने तो वाचवला. एकोणिसाव्या शतकात त्याची मोठी डागडुजी झाली, आणि कुठला टाका जुना व कुठला नंतरचा हे ओळखणं हा आज एक स्वतंत्र अभ्यास आहे. 1982-83 मध्ये अस्तर काढून मागची बाजू तपासली गेली. तिथे रंग कमी उडालेले असतात आणि नवा धागा वेगळा कळून येतो. आणखी एक आधार म्हणजे डागडुजीच्या आधी काढलेली रेखाटनं.

हे सगळं कामाला लागतं ते हॅरल्डच्या मृत्यूच्या चित्रात. 'राजा हॅरल्ड मारला गेला' या अक्षरांखाली दोन माणसं आहेत. एक उभा, चेहऱ्यात घुसलेला बाण पकडून. दुसरा घोडेस्वाराच्या तलवारीने मांडीवर वार होऊन कोसळणारा. शाळेच्या पुस्तकांतला 'डोळ्यात बाण लागलेला राजा' तो पहिला. पण 1729 च्या सुमाराच्या रेखाटनात त्याच्या हातात बिनपिसांचा लांब दांडा आहे, म्हणजे भाल्यासारखा. चार्ल्स स्टोथर्डच्या 1819 च्या चित्रात बाण दिसतो. शिवाय दुसऱ्या, कोसळणाऱ्या माणसाच्या डोक्याजवळही रिकामी भोकं आहेत. तिथे कधीतरी धागा होता, कदाचित दुसरा बाण. त्यामुळे दोन्ही माणसं हॅरल्डच असून एकाच मृत्यूची दोन क्षणचित्रं आहेत, असंही म्हणता येतं.

इथे काठाची साक्ष काढायला हवी, आणि ती फारशी कुणी काढत नाही. या प्रसंगाच्या जरा आधी खालचा काठ जनावरांच्या जोड्या पूर्ण सोडून देतो आणि तिथे तिरंदाजांची रांग येते, ताणलेली धनुष्यं घेऊन. राजाच्या मृत्यूआधी आखणाऱ्याने काठभर तिरंदाज उभे केले, म्हणजे शेवटच्या घडीला बाणांचा मारा त्याच्या मनात होता. या विशिष्ट डोळ्यातला हा विशिष्ट बाण जुना की नंतरचा हे त्यावरून ठरत नाही, पण बाणाची गोष्ट एकोणिसाव्या शतकात कुणी उगाच रचली, असंही मग म्हणवत नाही.

आणि राजा पडतो त्याच्या थेट खाली काय आहे? तिरंदाज संपतात. काही माणसं मेलेल्यांच्या अंगावरची चिलखतं ओढून काढताहेत. चिलखत डोक्यावरून काढावं लागतं, म्हणून ते उलटं होऊन वर सरकलंय आणि खाली उघडं अंग राहिलंय. कुणी तलवारी गोळा करतोय. वरच्या पट्ट्यात राजाचं नाव मोठ्या अक्षरांत भरलं आहे. काठावरच्या या माणसांवर एकही अक्षर नाही, त्यांच्यात इंग्रज कोण आणि नॉर्मन कोण हेही ओळखता येत नाही, कारण ज्याच्यावरून ओळखायचं ते सगळं त्यांच्या अंगावरून निघालेलं आहे.